एचव्ही ते अर्थ

रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती. मी ती देवनागरीत जशीच्या तशी उतरवली आणि पेन खाली ठेवलं. ‘एचव्ही ते अर्थ.’ ट्रान्सफॉर्मरवर काम करणारा माणूस ही ओळ वाचून पुढे जाईल. त्याच्या लेखी एचव्ही म्हणजे वरच्या दाबाची बाजू आणि अर्थ म्हणजे जमीन, तांब्याची पट्टी, मिठाचा खड्डा. माझं आयुष्य मात्र दुसऱ्या अर्थाच्या मागे धावण्यात गेलंय. भाषांतराच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर, ज्यात ‘अर्थ’ म्हणजे ‘अर्थ’ नाही असा कागद पहिल्यांदाच समोर आला होता.

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे आमची सोसायटी आहे. सात विंगा. महावितरणकडून वीज येते ती एकाच ठिकाणी, २२ हजार व्होल्टला. पुढचा ट्रान्सफॉर्मर सोसायटीचा स्वतःचा. पेपरवाले त्याला रोहित्र म्हणतात, माझ्या माहेरी गावाकडे डीपी म्हणतात आणि आमचे सेक्रेटरी ‘ते मागचं धूड’ म्हणतात. ६३० केव्हीएचं हे धूड पंपरूमच्या मागे जाळीत उभं असतं आणि पावसाळ्यात त्याच्याभोवती अळू माजतो. दरवर्षी देखभालवाला येऊन त्याची तपासणी करतो, रिपोर्ट देतो, तो फाइलला लागतो. यंदा जुलैच्या रिपोर्टात तळाशी एक शेरा होता की तेल फिल्टर करून घ्या. खर्चाचा विषय, म्हणजे सभा आली. ‘ताई, तुमचं कामच आहे ते, दोन पानं तर आहेत,’ असं म्हणत सेक्रेटरींनी तो माझ्या हाती दिला.

दोन पानंच होती. पहिल्या पानावर पाटीवरची माहिती, दुसऱ्यावर तीन तक्ते: इन्सुलेशन रेझिस्टन्स, वाइंडिंगचा रेशो आणि तेलाचा बीडीव्ही. मी एका संध्याकाळी उरकलं. इन्सुलेशन रेझिस्टन्सला ‘विद्युत निरोधन रोध’ असा कोरीव शब्द योजला, रेशोला ‘गुणोत्तर’ आणि ब्रेकडाउन व्होल्टेजला ‘बिघाड दाब’. पान उभं होतं आणि तक्ता आडवा, म्हणून मला बिनमहत्त्वाचे वाटलेले दोन-तीन रकाने गाळले. ‘कसोटीच्या वेळचं तेलाचं तापमान’ हा त्यातलाच एक. हवामान कशाला हवंय कुणाला, असं वाटलं. ‘टॅप’ म्हणजे वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करायचा टप्पा, त्याला माझ्या भाचीने ‘नळ’ सुचवलं होतं. ते तेवढं मी नाकारलं, एवढीच त्या संध्याकाळची पुण्याई.

कमिटीच्या बैठकीत त्या दोन पानांनी तीन घोळ घातले, तेही तक्त्यामागे एक अशा शिस्तीत.

पहिला घोळ खजिनदारांनी काढला. ते निवृत्त बँकवाले, त्यामुळे कुठलाही आकडा दुसऱ्या आकड्याने भागून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाटीवर २२००० आणि ४३३ असे दोन व्होल्टेज. भागाकार केला तर ५०.८१ येतो. रिपोर्टात मधल्या टॅपला गुणोत्तर दिलेलं ८८.००, आणि मोजलेले आकडे ८८.०५, ८८.०२, ८८.०७. ‘हिशोबच चुकलाय,’ ते म्हणाले, ‘मग बाकीच्यावर काय विश्वास ठेवायचा?’ दुसऱ्या एका गृहस्थांनी गेल्या वर्षीचा रिपोर्ट आणला होता. एचव्ही ते अर्थ या ओळीत तेव्हा ३२०० मेगओहम होते, यंदा ८५०. म्हणजे वर्षभरात पाऊण भाग गेला. आणि तिसरे तर उभेच राहिले. ‘बिघाड दाब २४ केव्ही लिहिलंय. आपला सप्लायच २२चा. म्हणजे फक्त दोनचं अंतर? उद्या दोन हजार व्होल्ट जास्त आले की स्फोट?’

त्या रात्री जाळीकडच्या बाजूच्या विंगेत बऱ्याच जणांना झोप लागली नसावी. मीही जागी होते, पण माझं कारण वेगळं होतं. तिन्ही माणसांनी माझंच मराठी नीट वाचलं होतं आणि तिघेही चुकले होते.

सकाळी मी बी विंगमधल्या काकांकडे गेले. ते मंडळात टेस्टिंगला होते. महावितरण वगैरे नावं येण्याआधीची ही माणसं अजूनही ‘मंडळ’च म्हणतात. काकांनी माझं भाषांतर चष्मा कपाळावर ढकलून वाचलं, मग इंग्रजी रिपोर्ट मागितला, मग पुन्हा माझं. ‘विद्युत निरोधन रोध,’ त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. ‘बरंय. पण आम्ही मेगर मारला म्हणायचो.’

‘मारला?’

‘हो. मेगर मारतात, रेशो काढतात आणि तेल उडवतात. तीन कामं, तीन क्रियापदं. तू तिन्हीकडे ‘मोजले’ लिहिलंयस.’

मग त्यांनी चहा ठेवला आणि सगळ्यात सोप्या घोळापासून सुरुवात केली.

पाटीवरचे ४३३ व्होल्ट म्हणजे बाहेर येणाऱ्या दोन फेजमधलं अंतर. रेशोचं यंत्र मात्र एका फेजची दोन वाइंडिंग समोरासमोर धरतं, एक वरच्या दाबाचं, एक खालच्या. आमच्या ट्रान्सफॉर्मरची वरची बाजू डेल्टात जोडलेली आहे, म्हणून तिकडच्या प्रत्येक वाइंडिंगला सगळेच्या सगळे २२००० मिळतात. खालची बाजू स्टार. तिथे एका वाइंडिंगच्या वाट्याला ४३३ भागिले १.७३२, म्हणजे २५० व्होल्ट. आता २२००० भागिले २५० करा, ८८. पाटीवरच्या ‘डीवायएन ११’ या अक्षरांत हे सगळं लिहिलेलं असतं आणि मी ती अक्षरं मॉडेल नंबर समजून सोडून दिली होती. मोजलेला आकडा हिशोबाच्या आकड्यापासून अर्ध्या टक्क्याहून जास्त हलायचा नाही असा नियम आहे. आमचा सगळ्यात जास्त हललेला आकडा ८८.०७, म्हणजे टक्क्याचा दहावा भागही नाही. आत वेढे एकमेकांना चिकटले असते तर एका फेजचा आकडा बाकीच्या दोघांना सोडून सरकला असता, किंवा यंत्राने आकडाच दाखवला नसता. तिन्ही फेज एका ओळीत चालताहेत, विषय संपला. मी दुरुस्तीत ‘गुणोत्तर’च्या जागी ‘एका फेजमधील वेढ्यांचे गुणोत्तर’ लिहिलं. एवढ्याने खजिनदारांचा भागाकार वाचला असता.

मेगरच्या, म्हणजे इन्सुलेशनच्या तक्त्याशी आल्यावर काका जरा गंभीर झाले. ‘इथला टेंपरेचरचा रकाना कुठाय?’

मी मान खाली घातली. इंग्रजी रिपोर्टात तो होता. गेल्या वर्षी तेल २८ अंशांवर होतं, यंदा ४८ वर. गेल्या वर्षी रात्रीपासून वीज बंद ठेवून सकाळी तपासणी केली होती. यंदा दुपारी बंद केली आणि लगेच सुरुवात केली, त्यामुळे धूड अजून तापलेलं. काकांनी पेन्सिल घेतली. इन्सुलेशन गरम झालं की त्याचा विरोध कमी होतो आणि ढोबळ हिशोब असा की दर दहा अंशांना निम्मा होतो. म्हणजे २८ अंशांचे ३२०० हे ३८ अंशांना १६०० आणि ४८ अंशांना ८००. आमचे आलेत ८५०. ‘पाऊण भाग गेलेला नाही. आहे तिथेच आहे,’ ते म्हणाले. ‘हा नियम अंदाजाचा आहे, त्यावरून पन्नास-शंभर मेगओहमची भांडणं करायची नाहीत. पण ३२०० आणि ८५० एकाखाली एक लिहून वजाबाकी करणं म्हणजे डोंबिवलीचं भाडं आणि पाचपाखाडीचं भाडं न विचारता शेजारी मांडणं.’

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली आणि ती मला फार आवडली. मेगर लावला की आकडा लगेच स्थिर होत नाही, चढत राहतो. सुरुवातीला इन्सुलेशन थोडा प्रवाह स्वतःत शोषून घेतं, मग हळूहळू शांत होतं. म्हणून आकडा कितव्या सेकंदाचा हे सांगावंच लागतं. आमचे दोन्ही ६० सेकंदांचे होते, तेही तळटीपेत, आणि तळटीप मी भाषांतरितच केली नव्हती. मेगर किती व्होल्टचा हेही तिथेच होतं. वरच्या दाबाच्या बाजूला ५०००चा लावला होता. थोडक्यात, तक्त्यातली संख्या एकटी काहीच बोलत नाही, आणि ती ज्यांच्यासोबत बोलते त्या सगळ्यांना मी पानाच्या रुंदीसाठी बाहेर काढलं होतं. कवितेच्या भाषांतरात एक विशेषण गाळताना मी दोन दिवस विचार करते. इथे अख्खा रकाना दोन सेकंदांत उडवला.

‘आणि ते अर्थ?’ मी विचारलं. ‘भूसंपर्क लिहू का?’

‘लिही. पण वायरमनला वाचायला दिलंस तर बाजूला अर्थही लिही. मोटर जळाली की आमच्याकडे म्हणतात, अर्थ लागला.’ मग स्वतःच हसले. ‘तुमच्याकडे अर्थ लागला की चांगलं असतं, नाही का?’

तेलाच्या तक्त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. शेरा तिथेच होता आणि भीतीही तिथेच.

ही कसोटी मी तोवर पाहिलेली नव्हती. काकांनी टेबलावरची दोन लिंबं घेतली आणि त्यांच्यात आगपेटीच्या दोन काड्या मावतील एवढी फट ठेवली. खरी फट २.५ मिलिमीटरची. छोट्या पेटीत काचेचा कप असतो, त्यात समोरासमोर दोन गोल गुंड्या, मधली फट गेज घालून तपासलेली. कप आधी त्याच तेलाने विसळायचा, मग तेल कडेने हळू ओतायचं, बुडबुडे होऊ द्यायचे नाहीत. पाच मिनिटं थांबायचं. मग दर सेकंदाला दोन हजार व्होल्ट या चालीने दाब चढवत न्यायचा. एका क्षणी दोन गुंड्यांमध्ये तेलातून ठिणगी उडते, ‘टप्’ असा आवाज येतो आणि काटा खाली येतो. तो आकडा टिपायचा, तेल ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा चढवायचं. असं सहा वेळा. सहांची सरासरी म्हणजे बीडीव्ही.

आमचे सहा आकडे १८, २७, २४, ३१, २२, २२. बेरीज १४४, सरासरी २४.

आता माझा ‘बिघाड दाब’. ट्रान्सफॉर्मर बिघडतो तो दाब, असंच त्यातून कुणीही वाचेल. इथे बिघडत काहीच नाही, ठिणगी उडते ती कपातल्या तेलात, अडीच मिलिमीटरच्या फटीत. आमच्या धुडात २२ हजारांचं वाइंडिंग आणि लोखंड यांच्यातलं अंतर त्याच्या कितीतरी पट, शिवाय मध्ये कागद आणि पुठ्ठ्याचे थर. त्यामुळे २४ मधून २२ वजा करता येत नाहीत, दोन्ही ‘केव्ही’ असले तरी. एक तेलाची प्रत सांगतो, दुसरा सप्लाय. ‘त्याच फटीत नुसती हवा असती तर सहा-सातलाच उडालं असतं,’ काका म्हणाले, ‘तेल त्याहून बरंच बरं आहे. पण असायला हवं तेवढं नाही.’ आमच्या व्होल्टेजच्या वापरातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी ३०च्या खाली खराब, ४०च्या वर चांगलं, मधलं चालेल पण लक्ष ठेवा, असा मापदंड आहे. २४ खराबात जातं.

शब्दासाठी आम्ही बराच वेळ घालवला. ‘भंजन दाब’ कानाला भारदस्त वाटला, पण मराठीत भंजन मूर्तीचं होतं आणि गर्वाचं होतं. तेलाचं कसं होईल? ‘विभंग’ ऐकला की मला हाड मोडल्यासारखं वाटतं. काका म्हणाले, ‘आम्ही विचारायचो, कितीला उडालं?’ शेवटी मी ‘तेलात ठिणगी पडण्याचा दाब, २.५ मिलिमीटर फटीत’ असं लांबलचक लिहिलं आणि बाजूला बीडीव्ही ठेवलं. ओळ दोन रकान्यांत घुसली, घुसू दे.

‘पण मला हे सहा आकडे आवडत नाहीत,’ काका म्हणाले. मला वाटलं, कमी आहेत म्हणून. तसं नव्हतं. ते फार पसरलेले होते. एकाच कपातलं एकच तेल एकदा १८ ला उडतं आणि एकदा ३१ ला. थोडा पसारा नेहमीच असतो, पण इतका असला की तेलात काहीतरी तरंगतंय असा संशय येतो. तेलात मुरलेलं पाणी थोडं असेल तर ते एकवेळ निभतं. कागदाचे, कापडाचे बारीक तंतू तेच पाणी पिऊन ओले झाले की खरा घात होतो. दाब चढला की असे तंतू ओढले जाऊन फटीत रांगेने उभे राहतात, छोटा साकव होतो आणि ठिणगी त्यावरून पलीकडे जाते. साकव जुळला तर १८, नाही जुळला तर ३१. मला जुलैच्या त्या दिवसाची आठवण झाली. देखभालवाल्या पोरांनी खालच्या व्हॉल्व्हमधून तेल काढलं तेव्हा पाऊस भुरभुरत होता. एक जण छत्री धरून होता आणि दुसऱ्याने खिशातल्या फडक्याने बाटली पुसली होती.

‘फडक्याने?’ काकांनी कपाळाला हात लावला.

मेगरचा आकडा शाबूत, म्हणजे आतला कागद भिजल्याचं तरी दिसत नाही. तेलाचा आकडा वाईट. म्हणजे एक तर तेल खरंच खराब आहे, नाहीतर बाटली. खर्चाचा ठराव मांडण्याआधी नमुना पुन्हा घ्यायचा, असं त्यांनी सांगितलं. तो कसा घ्यायचा ते माझ्याकडून मराठीतच लिहून घेतलं आणि पोरांच्या हातात दिलं: कोरडा दिवस, गरम करून वाळवलेली काचेची बाटली, व्हॉल्व्हचं तोंड आधी साफ, पहिलं एक-दोन लिटर तेल बादलीत सोडून द्यायचं, बाटली त्याच तेलाने विसळायची, काठोकाठ भरून लगेच बूच. फडकं जवळपासही नको. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात तातडीने वाचलं गेलेलं लिखाण असावं.

ऑगस्टात एकदा लागोपाठ तीन दिवस ऊन पडलं, तेव्हा नमुना घेतला. आकडे आले २६, २९, २५, २८, ३०, २४. सरासरी २७. पसारा आवरला, पण तीसच्या वर काही गेलं नाही. म्हणजे बाटलीचाही दोष होता आणि तेलाचाही. काका मला घेऊन जाळीपाशी गेले आणि बाजूला लटकणारी काचेची बरणी दाखवली. हा ब्रीदर. दिवसा लोड वाढला की तेल फुगतं आणि हवा बाहेर जाते. रात्री गार झालं की धूड हवा आत ओढतं, ती या बरणीतल्या सिलिका जेलमधून. जेल निळं असेल तर वाफ शोषतंय, गुलाबी झालं तर पोट भरलंय. आमचं साखरेच्या गुलाबी फुटाण्यांसारखं झालं होतं. खालच्या वाटीतलं तेलही आटलेलं, म्हणजे हवेला अडवणारं कुणीच नव्हतं. येऊरच्या डोंगरावरून उतरणारी सगळी ओल दोन पावसाळे रोज रात्री आत जात होती. रिपोर्टात त्यावर एक शब्द होता, ‘ब्रीदर: ओके’. त्याचं भाषांतर मी ‘ठीक’ असं केलं होतं. ते मात्र अचूक होतं.

आता शेरा. ‘तेल गाळून घ्यावे,’ असं मी लिहिलं होतं, आणि सभेआधीच जिन्यात मला एका आजींनी गाठलं. तेल गाळायला एवढे पैसे? वडे तळल्यावर आम्ही रोज गाळतो की. चूक त्यांची नव्हती. गाळलं तर तंतू जातील, पाणी कसं जाईल? खरं काम असं असतं: ट्रकवरून यंत्र येतं, तेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवून निर्वातात सोडतं, तिथे पाणी वाफ होऊन निघून जातं, मग बारीक फिल्टरमधून ते धुडात परत येतं आणि पुन्हा निघतं. असं तासन् तास. मी शेरा बदलला: ‘तेल तापवून, निर्वातात कोरडे करून, गाळून परत भरावे, सिलिका जेल बदलावे.’ आजींना शब्द पटले. पैसे पटले नाहीत, तो वेगळा भाग.

ठराव झाला, यंत्र आलं. दिवसभर आम्ही बिनलिफ्टचे राहिलो. संध्याकाळच्या नमुन्याचे आकडे ५२, ६१, ५७, ६०, ५५, ६३. सरासरी ५८. काका आकडे दोनदा वाचून नुसते ‘हं’ म्हणाले. मंडळातल्या माणसाचं हे मोठं प्रशस्तिपत्र असावं.

नवा रिपोर्ट मी सगळे रकाने ठेवून भाषांतरित केला. पान आडवं करावं लागलं. सभेत तो फिरला आणि गेल्या वेळचे तेच गृहस्थ पुन्हा उठले. एचव्ही ते अर्थ, ४२५ मेगओहम. आधी ८५० होते. एवढा खर्च करून निम्मे झाले?

मी तोंड उघडणार, एवढ्यात खजिनदारांनी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला आणि ओळीवरून बोट आडवं फिरवत शेवटच्या रकान्यापर्यंत नेलं. ‘५८ अंश,’ ते म्हणाले. ‘तेल गरमच होतं की. मागचा ४८चा.’ मग त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, तो जुळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला. तो पार्किंगचा होता.